उरलेली रक्कम नेमकी कधी, हे पत्रात लिहा

परदेशी खरेदीदाराला ‘उरलेले ७० टक्के माल पाठवल्यावर’ असं मोघम लिहू नका. माल कारखान्यातून निघाला की जहाजावर चढला, यावरून वाद होतो. असं लिहा: ‘दर एफओबी, अमुक बंदर, इन्कोटर्म्स २०२०. ३० टक्के आगाऊ जमा झाल्यावर उत्पादन सुरू. उरलेले ७० टक्के बिल ऑफ लेडिंगची प्रत ईमेलने मिळाल्यापासून ७ दिवसांत. मूळ प्रती पूर्ण रक्कम जमा झाल्यावरच कुरिअरने पाठवू.’ एफओबी म्हणजे माल त्या बंदरात जहाजावर चढेपर्यंतचा खर्च आणि जोखीम तुमची; इन्कोटर्म्स म्हणजे अशा अटींचे आंतरराष्ट्रीय नियम. बिल ऑफ लेडिंग ही माल जहाजावर चढल्याची जहाज कंपनीची पावती. तिच्या मूळ प्रतींशिवाय खरेदीदाराला सहसा माल सोडवता येत नाही, हीच तुमची खरी पकड. विमानाने पाठवलेल्या मालावर मात्र ती राहत नाही. विमान कंपनीच्या पावतीवर, म्हणजे एअरवे बिलावर, माल घेणारा म्हणून ज्याचं नाव, त्याला माल थेट मिळतो. तिथे पूर्ण रक्कम आधीच मागा.