पोर्टफोलिओत इंटर्नशिपचं काम दाखवताय? या चुका टाळा

इंटर्नशिप संपली की पोर्टफोलिओ भरायची घाई होते आणि नेमकी तिथेच गडबड होते. कंपनीचं नाव, आपलं पद, कालावधी आणि कामाचं ढोबळ स्वरूप लिहायला सहसा कुणाची हरकत नसते. जे फीचर बाजारात आलं आहे आणि कुणालाही वापरून पाहता येतं, त्यात आपला वाटा होता एवढं सांगणंही बहुतेक ठिकाणी चालतं. तरी आधी आपला करार वाचा, कारण काही करारांत ग्राहक कंपनीचं नाव घेण्यावरसुद्धा बंदी असते. खरा घोळ होतो तो आतल्या कामाचा.

नाव झाकलं म्हणजे काम झाकलं, हा समज

समजा, एका इंटर्नने खरेदीच्या ॲपमधल्या पेमेंट पानावर काम केलं. पोर्टफोलिओत ती लिहिते: ‘एका मोठ्या ॲपच्या येऊ घातलेल्या सदस्यता योजनेसाठी पेमेंट पान नव्याने आखलं. दरमहा ४ लाख ऑर्डर. मधेच सोडून जाणारे ग्राहक ३८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले.’ नाव कुठेच नाही. पण तिच्या प्रोफाइलवर कंपनी लिहिलेली आहेच. दोन्ही जोडायला वाचणाऱ्याला अर्धा मिनिट पुरतो आणि स्पर्धकाच्या हाती तीन गोष्टी लागतात: जाहीर न झालेली योजना, ऑर्डरची संख्या आणि ग्राहक गळतीचं प्रमाण.

हेच असं लिहिता येईल: ‘पेमेंट पानावर वापरकर्ते कुठे अडखळतात ते मुलाखतींतून शोधलं. पत्ता आणि पेमेंट एकाच पानावर आणून तीन पर्यायांची चाचणी घेतली. अर्धवट सोडलेल्या खरेदी साधारण पाचव्या हिश्श्याने घटल्या.’ योजना गेली, मूळ आकडे गेले, विचार मात्र राहिला. मुलाखत घेणाऱ्याला तोच तर पाहायचा असतो. हा ‘पाचवा हिस्सा’सुद्धा कंपनीच्याच आकड्यांतून आलेला आहे, त्यामुळे तो छापण्याआधी परवानगी घ्यायचीच. मिळाली नाही तर ‘घटल्या’ एवढ्यावर भागवा.

स्क्रीनशॉटवर काळी पट्टी

पीडीएफमध्ये मजकुरावर काळा चौकोन ठेवला तरी खालची अक्षरं बऱ्याचदा फाइलमध्ये तशीच असतात. तपासणं सोपं आहे: तो भाग निवडून कॉपी करा आणि साध्या नोटपॅडमध्ये पेस्ट करा. अक्षरं उमटली तर झाकलेलं काहीच नव्हतं. प्रेझेंटेशनमध्ये कापलेल्या चित्राचंही तेच. कापलेला भाग फाइलमध्ये शिल्लक असतो आणि क्रॉपची चौकट ओढली की परत दिसतो. २०२३ मध्ये तर गूगल पिक्सेल फोनच्या स्क्रीनशॉट एडिटरमध्येच असा दोष उघड झाला होता. कापलेल्या चित्राचा बराच भाग त्यातून परत मिळवता येत होता. धूसर केलेल्या आकड्यांवरही विसंबू नका, थोडक्या अंकांचा अंदाज बांधता येतो.

माझ्या मते, झाकत बसण्यापेक्षा स्क्रीन कोऱ्या पानावर पुन्हा काढावी. रंग, लोगो, नावं आणि आकडे सगळे बनावट ठेवावेत आणि ‘उदाहरणादाखल पुन्हा तयार केलेलं’ असं खाली लिहावं. अर्थात, जाहीर न झालेल्या फीचरची रचनाच गुपित असेल, तर नव्याने काढूनही ते दाखवता येत नाही.

‘पासवर्ड लावलाय ना!’

पासवर्डमुळे वाचणारे कमी होतात, एवढंच. गोपनीयतेचा करार माहिती बाहेरच्या माणसाला देण्याबद्दल असतो आणि दुसऱ्या कंपनीतला मुलाखतकार बाहेरचाच. कधी कधी तर थेट स्पर्धक.

परवानगी उशिरा आणि तोंडी मागणं

‘पोर्टफोलिओत टाकू का?’ असं विचारलं की मॅनेजर मान डोलावतो. पुढे तोच नोकरी सोडून जातो आणि तुमच्या हाती काहीच राहत नाही. शेवटच्या आठवड्याच्या आत तयार मसुदाच मेलवर पाठवा आणि विचारा: ‘यातली कोणती वाक्यं आणि चित्रं चालतील?’ लेखी उत्तर आलं की ते जपून ठेवा, पण कंपनीच्या मेलबॉक्समध्ये नाही, तो बंद होणार आहे. मेल बाहेर फॉरवर्ड करायला मनाई असेल तर ते उत्तर वैयक्तिक पत्त्यावर पाठवायची विनंती करा.

आधीच टाकून बसलात तर

पोस्ट काढा आणि मॅनेजरला स्वतःहून कळवा: काय टाकलं, कधी टाकलं, किती वेळ दिसत होतं. गुपचूप डिलीट केलेल्या पोस्टचा स्क्रीनशॉट दुसऱ्याकडून पोचला तर बोलणी जास्त बसतात. कोड सार्वजनिक रिपॉझिटरीत गेला असेल, तर फाइल काढून नवा कमिट केल्याने भागत नाही. जुना कमिट इतिहासात असतोच:

```
git log -p
```

यात काढलेली फाइल ओळीओळीने दिसते. रिपॉझिटरी ताबडतोब खाजगी करा. तरी तोवर कुणी प्रत घेतली असेल तर ती तुमच्या हातात नाही. म्हणून कोडमध्ये एपीआय की किंवा पासवर्ड असेल तर कंपनीला तो त्याच दिवशी रद्द करून नवा घ्यायला सांगा. इतिहास साफ करण्याचं काम त्यानंतर.