मुक्त विद्यापीठात प्रवेश घेण्याआधी पदवीची मान्यता कशी तपासावी

माझा भाचा जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात पाळीवर जातो. बारावी झालेला. मागच्या वर्षी त्याला एका क्लासवाल्याने गाठलं. परराज्यातल्या एका खासगी विद्यापीठाची दूरस्थ बी.कॉम., परीक्षा इथेच क्लासमध्ये, पैसे भरा आणि निवांत राहा. भाच्याने विद्यापीठाचं नाव नेटवर पाहिलं. विद्यापीठ खरं निघालं, आणि तो पैसे भरायला निघाला.

इथेच माणूस फसतो. नुसतं विद्यापीठ खरं असून भागत नाही. दूरस्थ शिक्षणाला मान्यता विद्यापीठ अनुदान आयोगाचा, म्हणजे यूजीसीचा, दूरस्थ शिक्षण विभाग देतो, त्यालाच डीईबी म्हणतात, आणि ती त्या-त्या अभ्यासक्रमाला आणि त्या-त्या सत्राला असते. शिक्षणसंस्थांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची श्रेणी कितीही चांगली असली तरी ती या मान्यतेची जागा घेत नाही.

म्हणून आधी deb.ugc.ac.in उघडा आणि मान्यताप्राप्त संस्थांची यादी काढा. तुम्ही ज्या वर्षी, ज्या सत्रात (जानेवारी किंवा जुलै) नाव घालणार, तेच सत्र निवडा. संस्थेच्या नावापुढे तुमचा अभ्यासक्रम आहे का ते बघा. बी.ए. असेल आणि बी.कॉम. नसेल, तर बी.कॉम. नाही असंच समजा. ‘दूरस्थ’ आणि ‘ऑनलाइन’ हे दोन वेगळे प्रकार आहेत, तेही जुळले पाहिजेत. त्या पानाची प्रत काढून तारखेसह जपून ठेवा. पुढे नोकरीत कागद तपासताना प्रवेशाच्या वेळची मान्यताच विचारतात.

मग केंद्र बघा. राज्य किंवा खासगी विद्यापीठाला दूरस्थ शिक्षणाची केंद्रं आपल्या राज्याबाहेर काढता येत नाहीत, आणि खासगी क्लासला फ्रँचायझी देणं यूजीसीला चालत नाही. भाच्याचा प्रस्ताव इथेच कोसळला. ऑनलाइन अभ्यासक्रमाला हद्दीचं बंधन नाही, पण मग ‘क्लासमध्ये परीक्षा’ कशाला हवी? तसंच तीन वर्षांची पदवी एका वर्षात, मागच्या तारखेने देतो म्हणणाऱ्याच्या दारात उभंही राहू नका. बी.टेक.ची पदवी तर दूरस्थ पद्धतीने मिळतच नाही.

शेवटी अर्ज. आधी डिजिलॉकरवरून एबीसी आयडी, म्हणजे विद्यार्थ्याच्या श्रेयांकांच्या खात्याचा क्रमांक, काढा, त्यावरून डीईबी पोर्टलवर डीईबी-आयडी. २०२४ पासून दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशाला तो लागतोच. ही कामं स्वतः करा, ओटीपी एजंटाला सांगू नका. फी विद्यापीठाच्याच संकेतस्थळावर भरा. पावतीवर दुसऱ्या कुणाचं नाव आलं तर थांबा.

दूरस्थऐवजी कॉलेजातल्या संध्याकाळच्या वर्गांना जाणार असाल, तर गणित वेगळं. तिथे डीईबीची यादी लागू नाही. ते कॉलेज आणि तो अभ्यासक्रम कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न आहे का, हे विद्यापीठाकडूनच विचारून घ्या.

भाच्याने शेवटी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या बी.कॉम.ला नाव घातलं. अभ्यासकेंद्र घराजवळच्याच एका कॉलेजात आहे, आणि रविवारी त्याची पाळी नसते.