किराणा दुकानाची साठा नोंदवही: फेरमागणीचा इशारा उशिरा का येतो? या चुका टाळा

छोट्या किराणा दुकानासाठी साठ्याचा तक्ता तयार करताना बहुतेकांचे लक्ष लाल रंगावर असते. माल कमी झाला की रकाना लाल व्हावा, एवढेच त्यांना हवे असते. रंग भरायला दोन मिनिटे पुरतात, परंतु तो योग्य दिवशी दिसावा यासाठी शिल्लक खरी असावी लागते आणि माल दुकानात कोणत्या वाटेने येतो हे तक्त्याला ठाऊक असावे लागते. नाशिकमधील सातपूरसारख्या कामगार वस्तीतील दुकान डोळ्यांसमोर ठेवून या तक्त्यात नेहमी होणाऱ्या चुका पाहू. अशा दुकानात साखर, डाळी आणि तेल घाऊक व्यापाऱ्याकडून फोनवर मागवले जाते, तर चहा, बिस्किटे आणि साबण घेऊन ठरलेल्या वारी कंपनीच्या वितरकाचा सेल्समन येतो. बिलिंगचे यंत्र नसते. गल्ल्यावर मालक असतो आणि सुटा माल काट्यावर विकला जातो, असे गृहीत धरू.

शिल्लक हाताने लिहिणे

सर्वाधिक आढळणारी रचना म्हणजे प्रत्येक मालाची एक ओळ आणि रोज रात्री जुना आकडा पुसून त्याच जागी लिहिलेली नवी शिल्लक. या पद्धतीत कालचा आकडा नाहीसा होतो, त्यामुळे सरासरी विक्री काढता येत नाही आणि चूक कधी झाली हेही शोधता येत नाही. त्याऐवजी दोन पाने करावीत. "नोंद" या पानावर तारीख, माल, प्रकार आणि परिमाण असे चार रकाने ठेवावेत आणि प्रत्येक हालचालीला नवी ओळ द्यावी. प्रकार मोजकेच असावेत: आरंभी, आवक, जावक, तूट, मागणी आणि रद्द. "शिल्लक" या पानावर मालाचे नाव सोडून जवळपास सर्व काही सूत्राने यावे. मालाचे नाव A2 मध्ये असेल, तर शिल्लकेचे सूत्र असे होते:

```
=SUMIFS('नोंद'!D:D,'नोंद'!B:B,A2,'नोंद'!C:C,"आरंभी")
+SUMIFS('नोंद'!D:D,'नोंद'!B:B,A2,'नोंद'!C:C,"आवक")
-SUMIFS('नोंद'!D:D,'नोंद'!B:B,A2,'नोंद'!C:C,"जावक")
-SUMIFS('नोंद'!D:D,'नोंद'!B:B,A2,'नोंद'!C:C,"तूट")
```

प्रत्येक पुडीची विक्री लिहिणे या दुकानात शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. जोरात खपणारे वीस-पंचवीस माल रात्री मोजावेत. तक्ता ४२ पाकिटे दाखवत असेल आणि रॅकवर ३८ असतील, तर "जावक ४" अशी एकच ओळ लिहावी. मंद खपाचा माल आठवड्यातून एकदा मोजला तरी चालतो. फाटलेली पिशवी किंवा उंदराने कुरतडलेला पुडा मात्र "तूट" म्हणूनच लिहावा, कारण तो जावकेत मिसळला की विक्रीची सरासरी फुगते.

सूत्र बरोबर असूनही शिल्लक जुळत नसेल, तर आधी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे नाव: एका ओळीत "तूरडाळ" आणि दुसऱ्या ओळीत "तूर डाळ" असे असेल, तर सूत्राच्या दृष्टीने ते दोन वेगळे माल असतात. नावाच्या शेवटी राहिलेली रिकामी जागाही हाच घोटाळा करते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून माल आणि प्रकार हे दोन्ही रकाने डेटा व्हॅलिडेशनच्या यादीतूनच निवडले जावेत. दुसरी गोष्ट म्हणजे आकडा: परिमाणाच्या रकान्यात "५० किलो" असे लिहिले, की तक्ता त्याला मजकूर समजतो आणि बेरजेतून वगळतो, तेही कोणतीही चूक न दाखवता. असा मजकूर बनलेला आकडा रकान्यात डावीकडे सरकून बसतो, तर खरा आकडा उजवीकडे बसतो. एवढ्या खुणेवरूनही बिघाड ओळखता येतो.

एककाबाबत नियम एकच आहे: माल ज्या मापात विकला जातो, त्याच मापात त्याची नोंद व्हावी. साखर गोणीने आली तरी आवक ५० किलो अशीच पडावी, म्हणजे परिमाणाच्या रकान्यात फक्त ५० आणि "किलो" हा शब्द शिल्लक पानावरच्या एककाच्या रकान्यात.

सर्व मालाला एकच इशारा लावणे

खरी गफलत इथे होते, आणि तयार मिळणाऱ्या पुष्कळ तक्त्यांतही ती दिसते. फेरमागणीची पातळी म्हणजे रोजची सरासरी विक्री गुणिले माल यायला लागणारे दिवस, अधिक थोडा राखीव साठा, असे सूत्र सगळीकडे दिलेले असते. फोनवर मागवल्या जाणाऱ्या मालासाठी ते अगदी योग्य आहे. समजा, साखर रोज ८ किलो जाते, रविवार कारंजा परिसरातील घाऊक व्यापाऱ्याला सांगितल्यावर ती दोन दिवसांत येते आणि एक दिवसाची विक्री राखीव ठेवली आहे. पातळी १६ अधिक ८, म्हणजे २४ किलो होते. शिल्लक त्याखाली गेली, की त्याच दिवशी फोन करून एक गोणी मागवायची.

आता चहाचे २५० ग्रॅमचे पाकीट घेऊ. रोज ४ पाकिटे जातात, सेल्समन दर मंगळवारी दुपारी येतो आणि माल गुरुवारी सकाळी पोहोचतो. राखीव म्हणून दोन दिवसांची विक्री, म्हणजे ८ पाकिटे धरू. वरचे सूत्र लावले तर पातळी ८ अधिक ८, म्हणजे १६ येते. मंगळवारी सेल्समन आला तेव्हा रॅकवर २६ पाकिटे आहेत. तक्ता "ठीक" म्हणतो, त्यामुळे मागणी दिली जात नाही. त्या दुपारपासून दर चोवीस तासांत ४ पाकिटे कमी होत जातात. शुक्रवारी दुपारी १४ उरतात आणि रकाना लाल होतो, परंतु तोवर सेल्समन येऊन गेलेला असतो. सोमवारी दुपारी २ पाकिटे राहतात आणि मंगळवारी सकाळपर्यंत रॅक रिकामा होतो. त्या दिवशी मागणी दिली तरी माल गुरुवारी येणार. तक्त्याने स्वतःच्या हिशेबाने वेळेवरच इशारा दिला होता. फक्त त्या दिवशी मागणी घेणारे कोणी नव्हते.

सेल्समनच्या मालासाठी विचारायचा प्रश्नच निराळा आहे: आज मागणी दिली नाही, तर पुढचा माल किती दिवसांनी हाती येईल? पुढचा मंगळवार सात दिवसांनी आणि त्यावर पोच दोन दिवस, म्हणजे नऊ दिवस. तेवढ्या दिवसांची विक्री ३६ आणि राखीव ८ धरून ४४ पाकिटे ही मंगळवारची भरणी पातळी ठरते. त्या दिवशी २६ शिल्लक असतील तर १८ मागवायची. पेटी पूर्ण करण्यासाठी आकडा वर न्यावा लागला तर न्यावा. या मालाला लाल रंग देण्यात अर्थ नाही, कारण बुधवारपासूनच तो पातळीखाली असतो आणि आठवडाभर लाल दिसत राहतो. त्याऐवजी "सेल्समनचा वार" असा रकाना ठेवून सोमवारी रात्री मंगळवारचा माल गाळून घ्यावा आणि मागणीचा आकडा सूत्राने काढावा. D2 मध्ये शिल्लक, E2 मध्ये वाटेवरचा माल आणि F2 मध्ये पातळी धरली, तर:

```
=MAX(0,F2-D2-E2)
```

वाटेवरचा माल विसरणे

साखरेचा रकाना लाल झाला, मालकांनी सकाळी फोन केला. दुपारी दुकानात बसलेल्या मुलाने तोच लाल रंग पाहून पुन्हा फोन केला आणि दोन गोण्या आल्या. हे घडते, कारण तक्त्याला शिल्लक दिसते, दिलेली मागणी दिसत नाही. यासाठीच "मागणी" हा प्रकार ठेवला आहे. मागणीच्या बेरजेतून आवक आणि रद्द वजा केली, की वाटेवरचा माल मिळतो. म्हणून सुरुवातीचा साठा "आरंभी" मध्ये लिहावा, "आवक" मध्ये कधीही नाही. त्यानंतर फोनवरच्या मालाचा इशारा असा लिहिता येतो:

```
=IF(OR(D2<0,E2<0),"नोंद तपासा",
 IF(D2+E2<F2,"मागवा",
 IF(D2<F2,"वाटेवर","ठीक")))
```

"मागवा" ला लाल आणि "वाटेवर" ला पिवळा रंग द्यावा. "नोंद तपासा" हा शेरा सर्वांत उपयोगी आहे, असे माझे मत आहे. शिल्लक शून्याखाली गेली असेल तर बहुधा आवक लिहायची राहिली आहे. वाटेवरचा आकडा शून्याखाली गेला असेल तर कोणीतरी मागणी न लिहिता रोखीने माल उचलून आणला आहे. अशा वेळी मागणी आणि आवक या दोन्ही ओळी लिहाव्यात. याउलट ५० किलो मागवून ३० च आले आणि उरलेले येणार नसतील, तर "रद्द २०" ही ओळ हवीच. ती नसेल तर तक्ता त्या न येणाऱ्या २० किलोंच्या भरवशावर गप्प राहतो, आणि हा बिघाड माल संपेपर्यंत लक्षात येत नाही.

रिकाम्या रॅकचे दिवस सरासरीत धरणे

सरासरीसाठी मागील २८ दिवस घ्यावेत, म्हणजे प्रत्येक वार चार वेळा येतो आणि पगाराचा आठवडाही त्यात सापडतो. मात्र त्यांपैकी ७ दिवस चहाच नव्हता आणि उरलेल्या दिवसांत ८४ पाकिटे गेली, तर २८ ने भागून सरासरी ३ येते. मग भरणीची पातळी ४४ वरून ३३ वर घसरते, माल आणखी लवकर संपतो आणि पुढची सरासरी आणखी खाली जाते. ८४ ला २१ ने भागले की खरा खप ४ मिळतो. त्यासाठी "संपलेले दिवस" असा रकाना ठेवून तो हाताने भरावा. इथे H2 मध्ये ते दिवस आहेत:

```
=SUMIFS('नोंद'!D:D,'नोंद'!B:B,A2,'नोंद'!C:C,"जावक",
'नोंद'!A:A,">="&TODAY()-28,'नोंद'!A:A,"<"&TODAY())/(28-H2)
```

मालच २८ दिवस नसेल तर हे सूत्र शून्याने भागण्याची चूक दाखवते. तिथे सरासरी अंदाजाने लिहावी.

उपवासाच्या मालाला मात्र मागची सरासरी उपयोगाची नाही. श्रावण लागताच साबुदाणा, भगर आणि शेंगदाण्यांचा खप वाढतो, आणि आषाढातल्या दिवसांवरून काढलेली सरासरी हे सांगू शकत नाही. या मोजक्या मालांसाठी "सण गुणक" हा रकाना ठेवून पातळी काढताना सरासरीला त्याने गुणावे. गुणक किती ठेवायचा हे गेल्या श्रावणाच्या नोंदींवरून ठरवावे. पहिल्या वर्षी त्या नसतील तर घाऊक व्यापाऱ्याची गेल्या वर्षीची बिले काढावीत. गुणक केव्हा उतरवायचा, याची तारीखही त्याच ओळीत लिहून ठेवावी. पोळ्याच्या अमावास्येला श्रावण संपतो, परंतु २८ दिवसांची सरासरी त्यानंतरही फुगलेलीच असते. त्यामुळे तेव्हा गुणक १ वर आणून भागत नाही. तीन-चार आठवडे तो १ च्या खाली ठेवावा लागतो, नाहीतर भगरीचे कट्टे नवरात्रापर्यंत पडून राहतात.