गाडीत बॅटरी वाचवायची असेल तर एअरप्लेन मोड असा वापरा

जळगावहून मुंबईला जाताना मनमाड सोडलं की रेंज येते-जाते, आणि फोन खिशात असला तरी टॉवर शोधत शोधत गरम होतो, बॅटरी तिथंच जाते.

१. गाणी, पिक्चर घरच्या वायफायवर डाउनलोड करा, तिकिटाचा स्क्रीनशॉट काढा.
२. गाडी सुटली की एअरप्लेन मोड लावा. ब्लूटूथ बंद झालं तर वरची पट्टी खाली ओढून तेवढंच परत चालू करा, हेडफोन मस्त चालतो.
३. वायफाय पण असंच चालू होतं. भावाच्या हॉटस्पॉटवर नेट घेतलं की व्हॉट्सअ‍ॅप चालतं, पण मग बॅटरी त्याच्या फोनची जाते, म्हणून एकानेच द्या आणि पॉवरबँक त्यालाच लावा. नेट नको तेव्हा वायफाय बंदच ठेवा.

एवढं करूनही सगळ्यात जास्त खाते ती स्क्रीन, ब्राइटनेस अर्ध्याच्या खाली आणा. आणि बहुतेक फोनमध्ये जीपीएस या मोडमध्येही चालू राहतं, स्टेशन बघायला मॅप उघडून तसाच ठेवला की बॅटरी उतरते, म्हणून बघून झालं की बंद करा.

फक्त एक लक्षात ठेवा, साधा कॉल आणि ओटीपी येणार नाही, घरी आधी सांगून ठेवा आणि नाशिक, कल्याणला पाच मिनिटं मोड काढा.