रिस्पॉन्डंटच्या मेमोरियलमधले फॅक्ट्स आणि इश्यूज: लिहायला बसण्याआधीची तयारी

मूट कोर्ट स्पर्धेत रिस्पॉन्डंटची बाजू वाट्याला आली की पहिला ओढा असतो तो थेट आर्ग्युमेंट्सकडे. फॅक्ट्सचं पान मग शेवटच्या रात्री मूट प्रॉब्लेममधून उचलून, थोडं आखूड करून चिकटवलं जातं. पण जज मेमोरियल, म्हणजे तुमचा लेखी युक्तिवाद, उघडतो तेव्हा खटल्याची गोष्ट त्याला सर्वांत आधी त्याच पानावर भेटते. ती गोष्ट पिटिशनरच्या तोंडून ऐकल्यासारखी वाटली, तर पुढची वीस पानं ती पुसण्यातच जातात. म्हणून या दोन भागांची तयारी वेगळी करा आणि आधी करा.

सुरुवातीला नियम वाचा. जेसप मूटच्या नियमांत हे नेमकं सांगितलं आहे: फॅक्ट्स दिलेल्या वस्तुस्थितीपुरते आणि तिच्यातून रास्तपणे निघणाऱ्या अनुमानांपुरते असावेत, निराधार गोष्टी, विपर्यास, युक्तिवाद आणि कायदेशीर निष्कर्ष त्यात नकोत. ही चार बंधनं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, मूट कुठलीही असो. समोरच्याचं मेमोरियल तुमच्या हातात येणार आहे का, हेही पाहून ठेवा. जेसपमध्ये दोन्ही बाजूंची मेमोरियल्स एकाच वेळी जातात. व्हिस मूटमध्ये रिस्पॉन्डंट क्लेमंटचं मेमोरँडम वाचून उत्तर लिहितो. पहिल्या प्रकारात समोरचा काय म्हणेल ते तुम्हालाच ओळखावं लागतं.

आता एक नमुन्याचा प्रॉब्लेम घेऊ, म्हणजे पुढचं हवेत राहणार नाही. चामडं कमावण्याचा एक कारखाना, नदीकाठी, 340 कामगार. 3 मार्चला खालच्या अंगाच्या गावांची पाण्याबद्दल तक्रार. 4 मार्चला नियामक प्राधिकरणाने कारखान्याच्या नाल्यापासून दोनशे मीटरवर नदीच्या पाण्याचा नमुना घेतला. 6 मार्चला अहवाल आला: क्रोमियम मर्यादेच्या सहापट. त्याच दिवशी कारखान्याला ईमेल, 24 तासांत खुलासा द्या. उत्तर नाही. 8 मार्चला सुनावणी न घेता परवाना साठ दिवसांसाठी स्थगित. 12 मार्चचा नमुना मर्यादेच्या दुप्पट. 15 मार्चला कारखान्याने सुनावणी मागितली, 29 मार्चला ती झाली, 2 एप्रिलला आदेश कायम. नदीच्या वरच्या अंगाला आणखी दोन कारखाने आहेत, त्यांची तपासणी झालेली नाही. कारखाना म्हणतो, ईमेल जुन्या पत्त्यावर गेला. आयोजकांनी नंतर दिलेल्या क्लॅरिफिकेशनमध्ये सांगितलंय की ईमेल प्राधिकरणाच्या नोंदवहीतल्या पत्त्यावर गेला आणि कारखान्याने जानेवारीत पत्ता बदलल्याचं पत्र पाठवलं होतं. ते पोहोचलं का, यावर काही नाही. कायद्याचं कलम 12 सांगतं की तातडीच्या प्रसंगी, 'शक्य असेल तेथे' म्हणणं ऐकून, प्राधिकरण परवाना स्थगित करू शकेल. आपण प्राधिकरणाच्या बाजूने आहोत.

एका तक्त्यात प्रत्येक फॅक्ट परिच्छेद क्रमांकासह उतरवा आणि त्याच्यापुढे लिहा: आपल्या कामाचा, आपल्याला अडचणीचा, की निव्वळ पार्श्वभूमी. पण खरी मेहनत आणखी दोन रकान्यांत आहे. एकात, हे कोण म्हणतंय. 'ईमेल जुन्या पत्त्यावर गेला' हे कारखान्याचं म्हणणं आहे, 'ईमेल नोंदवहीतल्या पत्त्यावर गेला' ही दिलेली वस्तुस्थिती आहे. हा फरक आपल्या फायद्याचा आहे आणि तो जसाच्या तसा ठेवायचा. मात्र तोच नियम आपल्यालाही लागू. प्रॉब्लेममध्ये 'प्राधिकरणाच्या मते परिस्थिती तातडीची होती' असं असेल तर 'परिस्थिती तातडीची होती' असं लिहिता येणार नाही.

दुसऱ्या रकान्यात, प्रॉब्लेम कशाबद्दल गप्प आहे. जानेवारीचं पत्र पोहोचल्याचा उल्लेख नाही, म्हणून 'पत्र पोहोचलं नव्हतं' असं लिहिणं ही भर घालणं झालं. 'पत्र प्राधिकरणाला मिळाल्याची नोंद प्रॉब्लेममध्ये नाही' हे खरं आहे आणि तेवढंच पुरेसं आहे. फॅक्ट्समधली बहुतेक चुकीची विधानं अशा रिकाम्या जागा भरण्याच्या घाईतून येतात. मुद्दाम खोटं लिहिणारा सहसा कुणी नसतो.

यानंतर गोष्ट कुठून सुरू करायची ते ठरवा. पिटिशनर सुरुवात करेल 340 कामगारांपासून आणि लगेच 8 मार्चच्या आदेशावर येईल. आपण नदीपासून सुरू करायचं: गावं, तक्रार, नमुना, अहवाल. आदेश येईपर्यंत त्याचं कारण वाचणाऱ्याच्या मनात बसलेलं हवं. इथे एक सापळा आहे. तक्रार 3 तारखेची, आदेश 8 तारखेचा. पाच दिवस थांबायला वेळ होता, तर सुनावणीला का नव्हता, हा प्रश्न बेंच विचारणारच. 3 तारीख गाळून यातून सुटता येणार नाही. ती लिहा, पण अहवाल कधी आला हेही तितक्याच ठळकपणे लिहा, कारण प्रमाण सहापट आहे हे प्राधिकरणाला कळलं 6 तारखेला आणि खुलासा मागवला गेला त्याच दिवशी. तारखा सगळ्या जागच्या जागी आहेत, फक्त घड्याळ कुठे सुरू होतं ते वाचणाऱ्याला दिसतं.

अडचणीच्या फॅक्ट्सना जागा नेमून द्या. लपवू नका आणि परिच्छेदाच्या तोंडाशी किंवा शेपटालाही ठेवू नका. सुनावणी आधी झाली नाही, ही आपली सर्वांत अवघड गोष्ट. पिटिशनर लिहील: 'प्राधिकरणाने सुनावणीची कोणतीही संधी न देता परवाना स्थगित केला.' हे वाक्य चुकीचं म्हणता येत नाही, पण अपुरं आहे. आपलं वाक्य असं होऊ शकतं: 'प्राधिकरणाने 6 मार्च रोजी नोंदवहीतील ईमेल पत्त्यावर 24 तासांत खुलासा मागवला, उत्तर न आल्याने 8 मार्च रोजी, तोंडी सुनावणीपूर्वी, परवाना साठ दिवसांसाठी स्थगित केला आणि 29 मार्च रोजी सुनावणी घेऊन 2 एप्रिल रोजी तो आदेश कायम केला.' यात सुनावणी आधी झाली नाही हे स्वच्छ आहे, पण ते दोन कृतींच्या मध्ये आलं आहे. लगेच पुढच्या वाक्यात कारखान्याचं पत्त्याबद्दलचं म्हणणं आणि जानेवारीचं पत्र यायलाच हवं.

वरचं वाक्य पुन्हा वाचा, त्यातही एक शब्द तपासण्यासारखा आहे: 'उत्तर न आल्याने'. आदेश देण्याचं कारण उत्तर न येणं हेच होतं, असं प्रॉब्लेम म्हणतो का? नाही, तो फक्त क्रम सांगतो. मग 'उत्तर आले नाही. 8 मार्च रोजी...' असं तोडून लिहा. 'म्हणून', 'त्यामुळे', 'परिणामी' हे शब्द फॅक्ट्समध्ये दिसले की प्रत्येकापाशी थांबा. 12 मार्चच्या नमुन्याबाबत हा मोह सर्वांत मोठा असतो. 'परवाना स्थगित केल्यामुळे प्रदूषण घटले' हे अनुमान आहे आणि वरच्या अंगाचे दोन कारखाने असताना ते ठाम नाही. 'स्थगितीनंतर चार दिवसांनी घेतलेल्या नमुन्यात प्रमाण सहापटीवरून दुपटीवर आले होते' एवढंच लिहा. जज दोन गोष्टी स्वतः जोडेल, आणि स्वतः जोडलेली गोष्ट त्याला जास्त पटते. त्याच परिच्छेदात ते दोन कारखाने तपासले गेले नाहीत हेही येऊ द्या. ते गाळलंत तर ओरल राउंडमध्ये पहिला प्रश्न त्याच्यावरच येईल आणि मग तुमच्या बाकीच्या फॅक्ट्सवरही शंका बसेल.

विशेषणं काढून टाका. 'भयंकर', 'तात्काळ', 'जबाबदारीने' यांनी जितकं साधत नाही तितकं 'सहापट' आणि 'त्याच दिवशी' यांनी साधतं. 'वाजवी', 'मनमानी', 'प्रमाणशीर' हे तर निकालाचे शब्द आहेत, त्यांची जागा आर्ग्युमेंट्समध्ये.

इश्यूजकडे वळण्याआधी पाहा की प्रॉब्लेमनेच ते ठरवून दिलेत का. दिले असतील तर त्यांची संख्या आणि गाभा बदलू नका, मांडणीपुरतीच मोकळीक घ्या. दिले नसतील तर मेंटेनॅबिलिटीचा, म्हणजे याचिका मुळात ऐकण्याजोगी आहे का, हा इश्यू सवयीने पहिला टाकू नका. कायद्यात अपिलाची सोय दिलेली असेल आणि कारखाना ती सोडून थेट कोर्टात आला असेल, तर तो इश्यू घ्या. आपल्या नमुन्याच्या प्रॉब्लेममध्ये अपिलाचा उल्लेखच नाही, मग तो ओढून आणल्याने मुख्य इश्यूचं वजनच कमी होतं.

मुख्य इश्यू घडवताना दोन टोकं टाळायची. 'प्राधिकरणाने नैसर्गिक न्यायाचे उल्लंघन केले आहे काय?' हा पिटिशनरचा प्रश्न आहे; तो जसाच्या तसा घेतला की आपण आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलायला लागतो. उलट 'सार्वजनिक आरोग्याच्या रक्षणासाठी कायदेशीररीत्या दिलेला आदेश वैध आहे काय?' यात उत्तर प्रश्नातच बसवलं आहे, कारण आदेश कायदेशीर आहे की नाही हाच तर वाद आहे. मधली वाट अशी: आधी कायदा, मग दोन्ही बाजूंना मान्य असलेले फॅक्ट्स, मग प्रश्न. 'कलम 12 तातडीच्या प्रसंगी, शक्य असेल तेथे म्हणणे ऐकून, परवाना स्थगित करण्याचा अधिकार देते. क्रोमियम मर्यादेच्या सहापट असल्याचा अहवाल मिळाल्यावर खुलासा मागवून, सुनावणीपूर्वी दिलेला आणि नंतर सुनावणी घेऊन कायम केलेला स्थगिती आदेश या अधिकारात बसतो काय?' इथे 'सुनावणीपूर्वी' हा शब्द आपणहून घातला आहे. तो नसता तर प्रश्न आपल्या बाजूने जास्त झुकला असता, पण पहिल्याच वाचनात कोसळलाही असता.

असा इश्यू तीन कसोट्यांवर लावा. त्यातला प्रत्येक फॅक्ट आपल्या फॅक्ट्सच्या भागात परिच्छेद क्रमांकासह सापडतो का? उत्तर 'होय' आलं तर ते आपल्याच बाजूचं आहे का? आणि पिटिशनरचा वकील हा प्रश्न वाचून 'यात अमुक गोष्ट आम्ही मान्यच केलेली नाही' असं म्हणू शकतो का? तिसऱ्यावर अडलात तर तो शब्द शोधून काढा. वरच्या मांडणीत 'खुलासा मागवून' यावर तो अडवू शकेल, कारण ईमेल मिळालाच नाही असं त्याचं म्हणणं. म्हणून तिथे 'नोंदवहीतील पत्त्यावर खुलासा मागवून' असं करा.

फॅक्ट्स आणि इश्यूज तयार झाले की ते आर्ग्युमेंट्सशिवाय, वेगळे छापून पिटिशनरची बाजू लिहिणाऱ्या सोबत्याला द्या. त्याच्या हातात मूळ प्रॉब्लेमही ठेवा आणि दोनच गोष्टी विचारा: यातलं कोणतं वाक्य प्रॉब्लेमच्या बाहेर जातं, आणि तुझी कोणती महत्त्वाची गोष्ट यात नाही. वाक्यं आवडली का, हे विचारू नका. पहिल्या प्रश्नाला त्याने एक जरी वाक्य दाखवलं तर ते त्याच दिवशी बदला. दुसऱ्याला त्याने 340 कामगार म्हटलं, तर त्यांना एका वाक्यात जागा द्या, कारखान्याच्या वर्णनासोबत. मग शेवटी प्रत्येक वाक्यासमोरचा परिच्छेद क्रमांक मूळ प्रॉब्लेम आणि क्लॅरिफिकेशन्सशी एकदा ताडून पाहा. मसुदे बदलताना सर्वांत आधी हेच आकडे घसरतात.