सर्टिफिकेशनच्या परीक्षेत नापास झालात: मुलाखतीत सांगायचं की नाही, हे कसं ठरवावं

क्लाउडच्या नोकरीसाठी अर्ज करणारे बरेच जण एडब्ल्यूएस सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट ही परीक्षा देतात, म्हणून तिचंच उदाहरण घेऊ. गुण १०० ते १००० या पट्टीवर मिळतात आणि उत्तीर्ण व्हायला ७२० लागतात. नापास झालात तर १४ दिवस थांबून, पुन्हा पूर्ण फी भरून बसता येतं. नेमकी याच दरम्यान मुलाखत आली की प्रश्न पडतो.

आधी आपला रेझ्युमे आणि लिंक्डइन प्रोफाइल उघडा. तिथे परीक्षेचा उल्लेखच नसेल आणि जाहिरातीतही सर्टिफिकेट मागितलेलं नसेल, तर विषय काढायची गरज नाही. नापास झाल्याची नोंद तुमच्या स्वतःच्या खात्यात असते. कंपनी पडताळून पाहते ते मिळालेलं सर्टिफिकेट. न विचारलेली गोष्ट न सांगणं म्हणजे लपवाछपवी नव्हे, हे माझं ठाम मत आहे.

पण रेझ्युमेवर ‘सर्टिफिकेशन सुरू आहे, परीक्षा जूनमध्ये’ असं लिहिलं असेल आणि मुलाखत जुलैत असेल, तर चित्र बदलतं. वाचणारा माणूस परीक्षा झाली असं धरूनच बसलेला असतो. अशा वेळी मुलाखतीआधी ती ओळ दुरुस्त करा आणि विषय निघाला की स्वतःहून सांगा. जाहिरातीत सर्टिफिकेट अनिवार्य असेल तर पहिल्या एचआर कॉललाच सांगावं, कारण तीन फेऱ्या झाल्यावर हे कळलं तर दोन्हीकडचा वेळ वाया जातो. सध्याच्या कंपनीनेच फी भरली असेल आणि मुलाखत तिथल्याच दुसऱ्या टीमसाठी असेल, तरीही आधी सांगितलेलं बरं. मॅनेजरला बहुधा माहीत असतंच. आणि थेट प्रश्न आला, तर उत्तर खरंच द्यायचं.

सांगायचं ठरलं की स्कोअर रिपोर्ट समोर घ्या. त्यात परीक्षेच्या चार विभागांपैकी कुठे सुधारणा हवी आहे ते दिसतं: सुरक्षितता, बिघाडातही टिकून राहणारी रचना, कार्यक्षमता आणि खर्च. यांत सुरक्षिततेचा वाटा सर्वात मोठा, ३० टक्के. पण प्रत्येक विभागात वेगळं उत्तीर्ण व्हावं लागत नाही, निकाल एकूण गुणांवर लागतो. त्यामुळे ‘एका विभागामुळे गेलो’ असं ठासून म्हणू नका. ‘दोन प्रश्नांनी हुकली’ असंही म्हणू नका. ६५ प्रश्नांपैकी १५ प्रश्नांचे गुण धरलेच जात नाहीत आणि ते कोणते हे कळत नाही. शिवाय ७२० म्हणजे ७२ टक्के नव्हे. ही परीक्षा दिलेला मुलाखतकार हे लगेच ओळखतो.

आता उत्तर तीन-चार वाक्यांत लिहून काढा. समजा, तीन वर्षं लिनक्स सपोर्ट केलेल्या उमेदवाराला ६८४ मिळाले आणि सुरक्षिततेचा विभाग कच्चा निघाला. तो म्हणेल: “जूनमध्ये परीक्षा दिली. ७२० लागतात, मला ६८४ मिळाले. रिपोर्टमध्ये सुरक्षिततेचा भाग कमी पडलेला दिसला. त्यानंतर मी दोन खाती घेऊन आयएएम आणि एस-थ्री बकेट पॉलिसी प्रत्यक्ष लावून पाहिल्या. ऑगस्टमध्ये पुन्हा बसतोय.” एवढं पुरे. पेपर विचित्र होता, ऑफिसमध्ये रिलीज चालू होता, ही कारणं जोडली की उत्तर लांबतं आणि समोरच्याचं लक्ष कारणांवरच जातं.

खरी तयारी पुढच्या प्रश्नाची लागते, कारण आपला कच्चा विषय आपणच सांगितलेला असतो. मुलाखतकार विचारेल, “आयएएम पॉलिसीने परवानगी दिली आणि बकेट पॉलिसीने स्पष्ट नकार दिला, तर?” नकारच चालतो. “आणि बकेट दुसऱ्या खात्यात असेल तर?” एकाच खात्यात साधारणपणे दोहोंपैकी एका पॉलिसीची परवानगी पुरते, पण दुसऱ्या खात्यातून यायचं असेल तर दोन्हीकडून परवानगी लागते. हे अडखळत आलं, तर ‘त्यानंतर करून पाहिलं’ हे वाक्य खोटं वाटेल. म्हणून तो भाग हाताने केला नसेल तोवर ते वाक्य उत्तरात घेऊच नका. नुसता निकाल आणि पुढचा बेत सांगा.

परीक्षेत आलेले प्रश्न मात्र मुलाखतीत सांगू नका, कुणी उत्सुकतेने विचारलं तरीही. परीक्षेला बसताना गोपनीयतेचा करार मान्य केलेला असतो. “प्रश्न सांगता येणार नाहीत, विषय सांगतो” एवढं म्हणून पुढे जा. आणि पुढची तारीख अजून घेतली नसेल, तर अंदाजाने महिना ठोकून देऊ नका. “स्लॉट अजून घेतलेला नाही” असं सरळ सांगा.