कफ आणि कॉफ: ओईटीला बसणाऱ्या आपल्याकडच्या नर्सेससाठी

मी जीएनएम. गाव दारव्ह्याच्या पुढं, शाळा बारावीपर्यंत मराठीतच. ओईटी दुसऱ्या अटेम्प्टला निघाली. परीक्षा काय असते, चार भाग कोणते, ते तुम्हाला माहीतच असेल, त्यात वेळ घालवत नाही. यूकेच्या नर्सिंग कौन्सिलला लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगमध्ये बी म्हणजे ३५० लागतात आणि रायटिंगला सी प्लस, म्हणजे ३०० चालतात. पहिल्या वेळेस माझं स्पीकिंग ३४० वर अडकलं. दहा मार्क. त्या दिवशी मी जेवली नव्हती, आणि बाबांना तर दोन दिवस सांगितलंच नाही, कारण फी कापसाच्या पैशातून गेली होती.

ग्रामर कच्चं म्हणून मार खाल्ला असं मला वाटत होतं. क्लासवाले सरही तेच म्हणायचे, टेन्स पाठ कर, आर्टिकल पाठ कर. ग्रामर माझं कच्चं होतंच, खोटं कशाला बोलू. पण खरा घात केला तो आपल्या तोंडातल्या, इंग्लिशसारख्याच वाटणाऱ्या शब्दांनी. त्यातला एक शब्द मी इथं उगाळून उगाळून सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

कफ.

आपल्या ओपीडीत पेशंट येतो, सोयाबीन काढणीनंतर तर रांगच लागते, आणि म्हणतो, "सिस्टर, छातीत कफ झाला, पण खोकला नाही येत." आपल्याला एका सेकंदात समजतं. कफ म्हणजे छातीत साचलेला चिकट पदार्थ, जो खाकरून थुंकला की बेडका होतो. खोकला म्हणजे ती क्रिया, तो आवाज, ती ढास. दोन वेगळ्या गोष्टी, आपल्या गावातल्या आजीलाही माहीत असलेल्या. आता इंग्लिशमध्ये सी ओ यू जी एच असा शब्द आहे, तो ते लोक कॉफ म्हणतात, आणि त्याचा अर्थ खोकला. फक्त खोकला. त्यात आपला कफ कुठंच नाही. आपला कफ संस्कृतातून आलेला, वात-पित्त-कफवाला, आणि त्यांचा कॉफ म्हणजे खोकण्याच्या आवाजावरून पडलेला शब्द. दोघांचं नातं काहीच नाही, नुसता आवाज जुळतो.

पण मेडिकलमधून आपण लहानपणापासून "कफ सिरप" आणतो. बाटलीवर इंग्लिशमध्ये कॉफ लिहिलेलं, तोंडात कफ, आणि डोक्यात पक्कं बसतं की हे कफाचं औषध. माझ्या डोक्यात ते वयाच्या चोवीस वर्षांपर्यंत बसून होतं आणि मी नर्स होते! खोकला दाबणारं सिरप वेगळं, त्यात बहुतेक डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं, ते कोरड्या खोकल्याला. कफ पातळ करणारं वेगळं, त्यात अँब्रॉक्सॉलसारखं औषध असतं. छाती भरलेल्या माणसाला खोकला दाबणारं दिलं तर कफ आतच राहतो. हे सगळं मला मराठीत येत होतं. इंग्लिशमध्ये तोंड उघडलं की गडबड व्हायची.

माझ्या मॉक रायटिंगची गोष्ट सांगते, यात सगळं येतं. केस नोट्स होत्या एकसष्ट वर्षांच्या गृहस्थांच्या. बीपीसाठी सहा आठवड्यांपूर्वी रॅमिप्रिल सुरू केलेली. तीन आठवड्यांपासून ड्राय कॉफ, रात्री जास्त, झोप होत नाही. पुढं लिहिलेलं, नो स्प्युटम, नो फिव्हर, चेस्ट क्लिअर. पत्र जीपीला लिहायचं, वाचायला पाच मिनिटं, लिहायला चाळीस, आणि १८० ते २०० शब्दांत बसवायचं. मी वाचलं, ड्राय आहे, स्प्युटम नाही, डोक्यात मराठीत वाक्य झालं की "कफ नाही", आणि हातानं लिहून टाकलं, "ही हॅज नो कॉफ ऑर फिव्हर." बाकी पत्र माझं छान होतं. पत्ता, तारीख, रिगार्ड्स, सगळं. अक्षरही चांगलं.

आता बघा काय झालं. रॅमिप्रिलच्या घरातल्या गोळ्यांनी काही लोकांना कोरडा खोकला लागतो, हा त्यांचा ओळखीचा साइड इफेक्ट आहे, गोळी सुरू केल्यावर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही येऊ शकतो, आणि डॉक्टर मग गोळी बदलून लोसार्टनसारखी दुसरी देतात. म्हणजे अख्खं पत्र ज्या एका कारणासाठी लिहायचं होतं, खोकला येतोय, गोळी बघा, तेच कारण मी एका ओळीत पुसून टाकलं. जीपी पत्र वाचून म्हणणार, मग मला पत्र पाठवलंच कशाला?

क्लासच्या सरांनी त्या पत्रात दोन आर्टिकलच्या चुका काढल्या आणि "गुड" लिहून दिलं. चूक पकडली ती आमच्या कॉलेजच्या एका सीनियर ताईनं, ती तिकडं वॉर्डात काम करते, रविवारी व्हिडिओ कॉलवर अर्धा तास द्यायची. ती वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, "अगं, याला खोकला आहे का नाही? तू म्हणतेस नाही, मग हा झोपत काहून नाही?" म्हणून माझं स्पष्ट मत आहे, ज्यानं कधी पेशंटला हात लावला नाही त्याच्याकडून ओईटी शिकू नका. माझं मत आहे, पटलं तर घ्या. आणि ते व्हॉट्सॲपवर फिरणारे पन्नास रेडीमेड लेटर तर डिलीटच करा, त्यातल्या दोनमध्ये मला हीच चूक सापडली.

स्पीकिंगमध्येही हाच शब्द नडला. कार्ड मिळतं, तीन मिनिटं तयारीला, मग पाचेक मिनिटं रोल प्ले, असे दोन. समोरचा माणूस पेशंट होतो, मार्क तो देत नाही, रेकॉर्डिंग दुसरीकडं तपासलं जातं. मॉकला मी विचारलं, "व्हॉट इज द कलर ऑफ युवर कॉफ?" म्हणजे तुमच्या खोकल्याचा रंग कोणता. समोरची बाई दोन सेकंद गप्पच. मला वाटलं तिला आपला ॲक्सेंट समजला नाही, म्हणून मी तेच वाक्य अजून जोरात म्हटलं. आता हसू येतं, तेव्हा घाम फुटला होता.

तर करायचं काय. डोक्यात "कफ" आला की स्वतःला एकच विचारायचं, हे वाटीत पडतं का कानाला ऐकू येतं? ऐकू येत असेल तर कॉफ. वाटीत पडत असेल तर पेशंटशी बोलताना फ्लेम म्हणा, डॉक्टरला लिहिताना स्प्युटम लिहा. यात अजून एक खड्डा आहे. फ्लेमच्या स्पेलिंगमध्ये जी आहे, तो उच्चारायचा नाही, आणि "ले" आखूड ठेवायचा, लांबवला की तो आगीच्या ज्वाळेचा शब्द होतो. "कफ पडतो का" याला सरळ "आर यू ब्रिंगिंग अप एनी फ्लेम?" मग रंग विचारा, बिनधास्त. कफासकट खोकला असेल तर पेशंट "चेस्टी कॉफ" म्हणतो, घशात खाजून येणारा कोरडा असेल तर "टिकली कॉफ". नोट्समध्ये "प्रॉडक्टिव्ह कॉफ" दिसेल, मला आधी वाटायचं हे काहीतरी चांगलं असेल, फायद्याचं, तर ते म्हणजे कफ पडणारा खोकला. लिसनिंगच्या पहिल्या भागात पेशंटच बोलतो, चोवीस रिकाम्या जागा भरायच्या, आणि रेकॉर्डिंग एकदाच वाजतं, तेव्हा तिथं मराठीत विचार करायला वेळ मिळत नाही.

आणि हो, बीपीच्या मशीनचा दंडाला गुंडाळायचा पट्टा, तोही कफच. सी यू डबल एफ. याचा उच्चार मात्र अगदी आपल्या कफासारखा. म्हणजे तुम्ही कॉफचा उच्चार मराठी थाटात "कफ" केला तर समोरच्याला दंडाचा पट्टा ऐकू येतो. ऑ चा आवाज तोंड उघडून काढा, लाजू नका, मी गोठ्यात म्हशीसमोर प्रॅक्टिस केली आहे.

दुसरा शब्द, आणि हा मला कफापेक्षा भीतीदायक वाटतो. सिझर. "पहिलं बाळ सिझरनं झालं" आपण रोज म्हणतो. इंग्लिशमध्ये त्याच्या एकदम जवळ ऐकू येणारा शब्द म्हणजे झटके, फिट. "शी हॅड सीझर इन फर्स्ट डिलिव्हरी" असं तुम्ही म्हटलं तर तिकडची मिडवाइफ काय समजणार? आधीच्या बाळंतपणात बाईला झटके आले होते, म्हणजे एक्लाम्पसिया. गंमत अशी की हे वाक्य अशक्य वाटतही नाही, गरोदरपणात बीपी वाढून झटके येतातच, म्हणून तुमची चूक कोणाला खटकणार नाही, ती सरळ फाइलमध्ये जाईल. पूर्ण सिझेरियन म्हणा किंवा सी-सेक्शन म्हणा, अर्धवट तोडू नका.

बाकीचे पटापट. "पेशंट सिरीयस आहे" असं जसंच्या तसं म्हटलं तर अर्थ होतो पेशंट थट्टा करत नाहीये, म्हणून सिरीयसली इल किंवा क्रिटिकल म्हणा. गावात "तिचं ऑपरेशन झालं" म्हणजे नसबंदी हे आपल्याला न सांगता कळतं, त्यांना कळणार नाही, ते विचारतील कशाचं. "शुगर आहे", "बीपी आहे" हेही तसंच, बीपी तर जिवंत माणसाला असतोच, हाय ब्लड प्रेशर म्हणा.

सलाईनचं तेवढं नीट लक्षात ठेवा. आपल्याकडं बाटली टांगली की सलाईन, मग आत काहीही असो. इंग्लिशमध्ये सलाईन म्हणजे मिठाचं पाणी, नॉर्मल सलाईन ०.९ टक्के सोडियम क्लोराइड. डेक्स्ट्रोज लावलं असेल आणि हँडओव्हरला तुम्ही सलाईन म्हणालात, तर शुगरच्या पेशंटला साखरेचं पाणी चालू आहे हे पुढच्या ड्युटीवालीला कळणारच नाही. काय लावलं ते नाव घेऊन सांगा, नुसतं बाटली सांगायची असेल तर आयव्ही फ्लुइड म्हणा.

दुसऱ्या अटेम्प्टला स्पीकिंगचं कार्ड निघालं लहान मुलाच्या आईचं, मुलाला आठ दिवसांपासून खोकला. मी तीन मिनिटांतलं अर्धं मिनिट कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलनं वाटी काढण्यात घालवलं, एक कान काढला, आणि मग बोलायला लागली. ३६० आले.